झोपलेल्या लेकराला उठवून तापाचे औषध पाजणाऱ्यांसाठी

आज दुपारी शेजारच्या घरात एका आईने गाढ झोपलेल्या तीन वर्षांच्या मुलाला हलवून जागे केले आणि तो रडत असताना त्याच्या तोंडात तापाचे औषध ओतले. त्याचा श्वास शांत होता, तासाभरापूर्वी तो पोटभर दूध प्यायला होता. थर्मामीटरवर १०१ दिसले, एवढेच कारण. मला मनापासून राग आला, आणि तो निम्मा स्वतःवरचा होता, कारण माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी याहून वाईट वागले होते.

त्या रात्री त्याला १०२ ताप होता. तो थंडीने कुडकुडत होता, हातपाय गार पडले होते आणि तो पांघरूण मागत होता. मी ते ओढून काढले आणि बर्फाच्या पाण्यात बुडवलेले फडके त्याच्या अंगावर फिरवू लागले. त्याचे दात वाजायला लागले. अर्ध्या तासाने ताप मोजला, तर १०३.

असे का झाले, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळले. शरीरात जंतू शिरल्याचे ओळखले, की संरक्षक पेशी रक्तात काही रासायनिक निरोप सोडतात. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचले, की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि शरीराने राखायचे तापमान ९८.६ वरून, समजा, १०३ वर नेऊन ठेवले जाते. आता १०२ वर असलेल्या शरीरालासुद्धा आपण थंड आहोत असेच वाटते. म्हणून ते कातडीकडचा रक्तपुरवठा आवळते, त्याने हातपाय गार पडतात, आणि स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करते. माझे बाळ पांघरूण मागत होते ते याच कारणाने, आणि मी बर्फ लावून त्याच्या शरीराला आणखी जोराने थरथरायला भाग पाडत होते. पॅरासिटामॉल मात्र प्रोस्टाग्लँडिनच कमी करते. ठरवलेला आकडाच खाली येतो आणि मग घाम फुटून अंग निवते.

पण शरीर हा खटाटोप करते कशासाठी? १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर केलेला प्रयोग मला विसरता येत नाही. सरड्याला स्वतःचे अंग आतून तापवता येत नाही. जंतुसंसर्ग झाला, की तो ऊबदार जागा शोधून ताप आणतो. जंतू टोचलेल्या सरड्यांपैकी ज्यांना ४२ अंश सेल्सिअसवर ठेवले ते बहुतेक जगले, आणि ज्यांना ३४ अंशांवर ठेवले ते सगळे मेले. पुढच्याच वर्षी त्यांनी जंतू टोचलेल्या बारा सरड्यांना ताप उतरवणारे औषध दिले. पाच जणांनी औषधाला न जुमानता अंग तापवले आणि ते वाचले. उरलेले सातही मेले.

ताप जंतूंना भाजून मारतो, असा मात्र याचा अर्थ नाही. त्या उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते. त्याच वेळी शरीर रक्तातले लोह यकृतात आणि पेशींत दडवून ठेवते आणि वाढत्या उष्णतेत जंतूंना त्याची टंचाई अधिक जाचते. शिवाय आपल्या पांढऱ्या पेशी अधिक चपळ होतात.

माणूस सरडा नाही, हे मान्य. साध्या सर्दीतापात पॅरासिटामॉल दिल्याने मूल जास्त आजारी पडते असेही कुणी म्हणू नये. आणि ताप फुकट मिळत नाही, हेही मान्य करायलाच हवे: सेल्सिअसच्या दर अंशामागे शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणून ज्याचे हृदय किंवा फुप्फुस आधीच थकलेले आहे त्याचा ताप उतरवणेच बरे. उन्हाचा झटका तर वेगळीच गोष्ट आहे; तिथे मेंदूने आकडा बदललेलाच नसतो, म्हणून औषध निरुपयोगी ठरते आणि अंग बाहेरूनच तातडीने थंड करावे लागते.

शेजारच्या आईचे म्हणणे होते, की ताप डोक्यात जाऊन झटका येईल. ती भीती मला कळते, कारण त्या रात्री मीही त्याच भीतीने बर्फ काढला होता. पण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात येणारे झटके नियमित औषध देऊनही टळत नाहीत, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावले. धावत जायचे ते तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर, किंवा मूल सुस्त पडले, त्याला धाप लागली, मान ताठ झाली, लघवी होईनाशी झाली तर, मग थर्मामीटर काहीही सांगो.

माझ्या मुलाला त्या रात्री औषध द्यायलाच हवे होते, पण १०२ या आकड्यासाठी नव्हे. त्याचे अंग दुखत होते, आणि संध्याकाळपासून तो पाण्याचा घोट घेत नव्हता. अखेर पहाटे मी वजनाप्रमाणे मोजून औषध दिले आणि पांघरूण परत घातले. तासाभराने त्याच्या कपाळावर घाम आला, त्याने स्वतःच पांघरूण पायाने ढकलले आणि पाणी मागितले. ताप तेव्हाही १०० होता. तो पाणी प्यायला आणि झोपला, आणि मी त्याला उठवले नाही.