दार उघडतं, पण उघडणारा कोण?

"क्रिया करतो तो कर्ता. धातूला 'णारा' लावा, 'कोण?' विचारा, क्रिया करणारा सापडलाच. आणि भूतकाळात नामाला 'ने' दिसला की तोच कर्ता."

कर्ता ओळखायची ही युक्ती आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती कुठे अडते ते बघू. 'णारा'पासून सुरू करते. दादरला एसी लोकल थांबते आणि मागून कुणीतरी म्हणतं, 'दार उघडतंय, सरका पुढे.' उघडणारं कोण? दार. व्याकरणाने हे उत्तर बरोबरच आहे, क्रियापद दाराच्याच लिंगवचनाने चाललंय. पण दाराने केलं काहीच नाही. बटण गार्डने दाबलं. करणारा गार्ड, साधन बटण, आणि जिच्यात बदल झाला ती वस्तू दार. 'गार्ड बटणाने दार उघडतो' म्हटलं तरी तिघांच्या भूमिका त्याच राहतात, फक्त कर्त्याच्या जागी आता गार्ड येतो. युक्ती ती जागा शोधते. तिथे कोण बसलंय हे ती सांगत नाही.

भूतकाळात तर एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात. 'दार उघडलं.' यात 'आपोआप' घाला: 'दार आपोआप उघडलं', इथे दार कर्ता. 'मुद्दाम' घाला: 'दार मुद्दाम उघडलं', आता न सांगितलेला कुणीतरी माणूस कर्ता झाला आणि दार कर्म. क्रियापदाचं रूप मात्र तेच, कारण सकर्मक क्रियापद भूतकाळात सहसा कर्माप्रमाणे चालतं. मुलांना हा फरक एकदा दाखवला तर कर्मणी प्रयोग पाठ करावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

'ने'चं काय? 'गार्डने बटणाने दार उघडलं.' दोन 'ने', करणारा एकच. ओळखायचं असेल तर गार्डच्या जागी 'मी' ठेवा: 'मी बटणाने दार उघडलं.' पहिला 'ने' गळाला, कारण मी आणि तू कर्ते असताना 'ने' घेत नाहीत. साधनाचा 'ने' जागचा हलत नाही.

साधनही कधी कर्त्याच्या जागी येतं. 'ही चावी दोन्ही कुलपं उघडते' हे आपण सहज म्हणतो. 'चमचा भात खातो' मात्र कुणी म्हणत नाही, आई चमच्यानेच खात असली तरी. चावी फिरवल्यावर कुलपावरचं काम तीच करते. चमचा खाण्याला मदत करतो, खात नाही. म्हणजे प्रत्येक साधनाला ही जागा मिळत नाही.

गोंधळाचं एक मूळ 'कर्ता' या शब्दातच आहे. पाणिनीचा कर्ता म्हणजे क्रियेत स्वतंत्र असलेला, मग तो प्रथमेत असो वा तृतीयेत. आपण तोच शब्द वाक्यातल्या जागेलाही वापरतो.

राहिलं 'आजीला हापूस आवडतो'. आवडणारा कोण? हापूस, आणि क्रियापदही त्याच्याप्रमाणेच चालतं. पण 'आजीला आपलं घर आवडतं' म्हटलं की 'आपलं' आजीकडे जातं, जसं ते एरवी कर्त्याकडे जातं. म्हणून इथे कर्ता कुणाला म्हणावं यावर वाद होऊ शकतो. आजीला फक्त अनुभव येतो आणि हापूस त्या अनुभवाचा विषय असतो, त्यामुळे 'मुद्दाम आवडतो' असं दोघांपैकी कुणाबद्दलच म्हणता येत नाही.