झाशीपर्यंतची शिदोरी

आमच्या घरात रेल्वेचं तिकीट मी काढतो, पण वेळापत्रक आईचं असतं. कुठलं स्टेशन किती वाजता येतं यात तिला रस नाही. कुठल्या स्टेशनच्या आत कुठला डबा रिकामा झाला पाहिजे, एवढंच ती बघते. पुण्याहून जम्मूची गाडी संध्याकाळी सुटते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोचते. मे महिना, स्लीपरचा डबा, डोक्यावर गरम वारा ढवळणारा पंखा. अशा प्रवासाला आई माणसापेक्षा शिदोरीची काळजी जास्त घेते, कारण तिच्या मते माणूस तसा लवकर विटत नाही.

पूर्वी या खात्यात तिचा शब्द शेवटचा असायचा. मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आल्या. वहिनी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. म्हणजे आता ओट्याशी दोन अधिकारी उभ्या असतात आणि मी मधे पिशवी धरून.

या वेळी पहिली ठिणगी पडली ती बटाट्याच्या भाजीवरून. आईची भाजी दुपारी दोनला तयार. कांदा नाही, ओलं खोबरं नाही, वरून लिंबू पिळलेलं. "रात्रीपर्यंत काही होत नाही तिला," आई म्हणाली.

"आई, अहो, शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, बास. आणि या उकाड्यात तर एकच तास."

"मग काय स्टेशनवर जाताना रिक्षातच जेवायचं का त्याने?"

मला ही कल्पना वाईट वाटली नाही, पण माझं मत कोणी विचारत नव्हतं. वहिनींनी शांतपणे समजावलं. जंतूंना थंडगार आवडत नाही आणि चटका बसेल इतकं गरमही आवडत नाही. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतचा जो पट्टा आहे, त्यात त्यांचा संसार वाढतो. म्हणजे अन्न एक तर कढत ठेवा, नाही तर इतकं कोरडं करा की त्यांना प्यायला पाणीच मिळू नये. कोमट आणि ओलं, हा प्रकार डब्यात नको.

मग भाजी निघण्याच्या तोंडावर पुन्हा कढईत पडणार, असं मला वाटलं. पण नाही. ती आम्ही दुपारीच खाल्ली आणि साडेचारला दुसरी ताजी झाली. थर्मासच्या जातीचा स्टीलचा डबा वहिनींनी आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवला, पाणी ओतून दिलं आणि वाफाळती भाजी काठोकाठ दाबून भरली. अर्धा डबा लवकर निवतो, म्हणून काठोकाठ. "भावजी, हे झाकण मधे उघडून बघायचं नाही. उघडलं की संपवायचं. पहिला घास फुंकून खावा लागला तर भाजी ठीक. आरामात खाता आला, तर ती कधी कोमट झाली ते तुम्हाला माहीत नाही. मग सोडून द्यायची." भाजीसाठी इतक्या सूचना मला नोकरीच्या पहिल्या दिवशीही मिळाल्या नव्हत्या.

पोळ्यांचं मात्र बरोबर उलटं. इथे आईचा शब्द चालला. तिच्या दशम्या दुधात मळलेल्या, पाण्याचा थेंब नाही. दुधातल्या साखरेने आणि स्निग्धाने त्या मऊ राहतात, म्हणून जास्त भाजून कोरड्या केल्या तरी चामड्यासारख्या होत नाहीत. तव्यावरून उतरल्यावर ती एकीवर एक रचत नाही. स्वयंपाकघरभर सुती पंचे पसरून प्रत्येक दशमी सुटी निववते. त्या तासाभरात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. गरम पोळी डब्यात कोंडली की झाकणाला घाम येतो, तो खाली ठिबकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी बुरशीचा ठिपका दिसतो. वहिनींनी यात एक अक्षरही बदललं नाही. फक्त आईने सवयीने रविवारची पुरवणी काढली तेव्हा त्यांनी हात धरला. छापील कागदात अन्न बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच सांगितलंय, शाई अन्नात उतरते. तह असा झाला की आत मलमलचं फडकं, मग डबा आणि डब्याच्या बाहेर पुरवणी. ती कशासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दशम्या दुसऱ्या रात्रीपर्यंत. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिला आठवडाभर मरण नाही, फक्त चमचा ओला नको आणि त्यात बोटं घालायची नाहीत. तिसऱ्या सकाळी भडंग आणि चकल्या. भाताला दोघींनीही एकमताने नकार दिला. आईचं कारण, "भात लगेच उतरतो." वहिनींचं कारण ऐकून माझी झोप उडाली. भातात एका जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. "आणि भाताला वास येईलच असं नाही. वास आणणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. दर वेळी त्रास होत नाही, म्हणून तर लोक बिनधास्त खातात."

भाजी दौंड सुटल्यावर उघडली. पहिल्या घासाला जीभ पोळली. इतक्या समाधानाने मी आजवर कधी भाजलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, झाशी जवळ आलेली, खिडकीची सळई हात लावू देत नव्हती. समोर साताऱ्याकडचं जोडपं, वैष्णोदेवीला निघालेलं. काकूंनी मोठा डबा उघडला. मसालेभात. काल दुपारचा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, सगळं साग्रसंगीत.

"घ्या की! वास बघा, काही म्हणजे काही झालेलं नाही," काका म्हणाले आणि डबा माझ्या नाकाखाली धरला. खरंच सुरेख वास येत होता. नेमकं तेच ऐकून मला घाम फुटला.

आता काकूंसारख्या माउलीला जंतूंची बीजं कशी समजावणार? मी तोंडाला येईल ते बोललो. "काकू, आज माझा गुरुवार असतो."

"अगो बाई, आधी नाही का सांगायचं!" त्यांनी डबा मिटला. मी सुटलो, असं वाटलं. एवढ्यात बाकाखालून दुसरा डबा बाहेर आला. "साबुदाण्याची खिचडी आहे. कालचीच, पण चांगली मोकळी झालीय."

कालची. शिजवलेली. ओलसर. कोमट. वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"माझा निर्जळी असतो," मी म्हणालो.

काकूंनी हात जोडले. काका आदराने सरकून बसले आणि मला खिडकीशी जागा दिली. माझ्या पिशवीत आईच्या सहा दशम्या होत्या, चटणी होती, बाटलीभर पाणी होतं. ग्वाल्हेरला चहावाला आला, काकूंनी त्याला परस्पर पुढे पाठवला, "त्यांना नको रे, त्यांचा कडक असतो." आग्र्याला लिंबूसरबतवाला खिडकीशी थांबला, तर काकाच ओरडले. दोघं मसालेभात संपवून गाढ झोपतील अशी मी वाट बघत होतो. पण काकूंना दुपारी झोप येत नसे, आणि काका म्हणाले, "उपवासाच्या माणसाला एकटं वाटायला नको," म्हणून त्यांनी दिल्लीपर्यंत मला त्यांच्या तिन्ही मुलांच्या लग्नांतल्या पंगतींचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं.