कांद्याच्या भावाच्या शीटमधल्या रिकाम्या जागा आणि डुप्लिकेट ओळी

«डेटा क्लीनिंगचा उगाच बाऊ करतात. एक्सेलमध्ये रिमूव्ह डुप्लिकेट्स मारा, रिकाम्या जागी सरासरी भरा, दोन मिनिटांचं काम. उरलंसुरलं मॉडेल सांभाळून घेतं.»

असं पुष्कळदा ऐकू येतं. हे कितपत खरं आहे ते बघायला कांद्याच्या भावाची शीट घेऊ. उद्याचा भाव सांगणारं मॉडेल बनवायचं आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण बाजार समित्यांच्या नोंदी गोळा केल्या की असा गोंधळ हमखास सापडतो.

| ओळ | A तारीख | B बाजार | C प्रकार | D आवक (क्विंटल) | E भाव (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| 2 | 3 एप्रिल | लासलगाव | लाल | 6200 | 800 |
| 3 | 3 एप्रिल | लासलगाव | उन्हाळी | 9400 | 1000 |
| 4 | 3 एप्रिल | लासलगाव␣ | उन्हाळी | 9400 | 1000 |
| 5 | 4 एप्रिल | लासलगाव | उन्हाळी | 0 | 0 |
| 6 | 5 एप्रिल | लासलगाव | उन्हाळी | 9100 | |
| 7 | 6 एप्रिल | लासलगाव | उन्हाळी | 8800 | 1100 |

चौथी ओळ तिसरीचीच नक्कल आहे, फक्त नावाच्या शेवटी एक स्पेस आहे (␣ हे चिन्ह तीच दाखवतं, शीटमध्ये ती दिसत नाही). रिमूव्ह डुप्लिकेट्समध्ये सगळे कॉलम निवडले, तर एकही ओळ उडत नाही, कारण एक्सेलच्या लेखी ही दोन वेगळी गावं आहेत. फक्त तारीख आणि बाजार निवडले, तर तिसरी ओळ उडते: दुसरी ओळ लाल कांद्याची असली तरी तारीख आणि बाजार तेच, आणि एक्सेल आधी आलेली ओळ ठेवतं. म्हणजे आपण चुकीच्या कारणाने ओळ उडवली आणि नक्कल तशीच राहिली. स्पेस काढून हेच केलं, तर त्या दिवसाचा उन्हाळी कांदा शीटमधून पुरता गायब होतो. एप्रिलच्या सुरुवातीला दोन्ही माल बाजारात असतात, त्यामुळे हे नुकसान किरकोळ नाही.

म्हणून आधी F कॉलममध्ये नाव स्वच्छ करायचं, मग तारीख, बाजार आणि प्रकार या तिन्हींवर मोजायचं:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
=COUNTIFS($A$2:$A$500,A2,$F$2:$F$500,F2,$C$2:$C$500,C2)
```

नुसत्या `TRIM` वर थांबू नका. वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात 160 क्रमांकाची स्पेस येते आणि `TRIM` तिला हात लावत नाही. दुसऱ्या फॉर्म्युल्याचं उत्तर 1 पेक्षा जास्त आलं की ती ओळ डोळ्यांनी बघायची. भावही तोच असेल तर एक ओळ काढा. भाव वेगळा असेल तर ती दुरुस्तीची नोंद असू शकते. तेव्हा मूळ नोंद पाहिल्याशिवाय कुठलीच ओळ काढू नका. नक्कल राहिली आणि ओळी सरमिसळ करून वाटल्या, तर एक प्रत ट्रेनिंगमध्ये आणि दुसरी टेस्टमध्ये जाऊ शकते. मग मॉडेलची अचूकता छान दिसते, कारण त्याने उत्तर आधीच पाहिलेलं असतं.

आता सरासरी. E कॉलमवर `AVERAGE` लावला तर 780 येतात. शीटमध्ये खरा भाव एकदाही 800 च्या खाली गेलेला नाही, तरी सरासरी त्याखाली! `AVERAGE` रिकामी जागा सोडून देतो, पण शून्य मोजतो. पाचव्या ओळीतलं शून्य हा भाव नव्हेच, त्या दिवशी बाजार बंद होता. आवक 0 बरोबर आहे, भावाची जागा मात्र रिकामी हवी. शून्य आणि नक्कल काढून फक्त उन्हाळी कांदा घेतला, तर सरासरी 1050 होते.

हा आकडा पटण्यासारखा दिसतो, तरीही सहाव्या ओळीत तो भरू नये. त्यात 6 एप्रिलचे 1100 मिसळले आहेत आणि 5 तारखेला ते कुणालाच माहीत नव्हते. मॉडेलला उद्याचा भाव आजच दाखवून शिकवलं, तर प्रत्यक्ष वापरात ते तोंडावर पडणारच. ‘कालचा भाव’ हा इनपुट म्हणून लागत असेल, तर शेवटचा माहीत असलेला 1000 पुढे ओढा आणि शेजारच्या कॉलममध्ये ‘भरलेला’ म्हणून 1 लिहा. 5 तारखेचा भाव हेच ओळखायचं उत्तर असेल, तर ती ओळ ट्रेनिंगमधून वगळा. मनाने लिहिलेल्या उत्तरावर मॉडेलला शिकवण्यात काहीच अर्थ नाही.

«मॉडेल सांभाळतं» यात थोडं तथ्य आहे. एक्सजीबूस्टसारखी, डिसिजन ट्री वापरणारी मॉडेल्स इनपुटमधली रिकामी जागा स्वतः हाताळतात: अशी ओळ कुठल्या फांदीवर न्यायची, हे ती ट्रेनिंगमध्येच शिकतात. पण त्यासाठी जागा खरोखर रिकामी हवी. तिथे 0 असेल, तर एक्सजीबूस्ट नेहमीच्या टेबलात तो खराच भाव मानतं. ‘लासलगाव’ आणि ‘लासलगाव␣’ हे एकच गाव आहे, हे तर असं कुठलंच मॉडेल आपणहून ओळखत नाही. ते दोन बाजार म्हणूनच शिकतं.