ट्रक घरचा, लीजचा की भाड्याचा: वर्षाला गाडी धावणार किती?

नितीनच्या चाकणच्या कारखान्यातून आठवड्याला तीन खेपा न्हावा शेव्याला जातात, सोळा टनी दहाचाकीनं. एका खेपेचं भाडं 14,400 रुपये. "एवढ्या भाड्यात हप्ता निघतो की, घरचाच ट्रक घेऊ," या त्याच्या वाक्यावर कट्टा तापला.

दिलीपची स्वतःची वाहतूक आहे. तो म्हणाला, "हप्ता विसर. गाडी नुसती दारात उभी राहिली तरी वर्षाला काय खाते, ते आधी मांड."

कॉस्टिंगवाल्या संजयनं मांडलं. गाडी 36 लाखांची, सहा वर्षांनी विकताना 12 लाख येतील असं धरलं. म्हणजे वर्षाला चार लाखांची घट. अडकलेली रक्कम सरासरी 24 लाख, त्यावर दहा टक्क्यांनी व्याज 2.4 लाख. ड्रायव्हरचा पगार तीन लाख. विमा, टॅक्स, परमिट, पासिंग मिळून 1.2 लाख आणि पार्किंग, जीपीएस वगैरे 40 हजार. एकूण 11 लाख, एक किलोमीटरही न धावता.

धावायला लागली की डिझेल 92 रुपयांनी आणि लिटरला चारचं अ‍ॅव्हरेज धरून किलोमीटरला 23 रुपये. टायर, सर्व्हिसिंग आणि धूर स्वच्छ करणारं डीईएफ द्रव यांचे सहा, टोल-भत्त्याचे सहा. झाले 35.

"आता भाडं. न्हावा शेवा जाऊन-येऊन 300 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 48. घरच्या गाडीत 13 रुपये वाचतात. अकरा लाख भागिले तेरा, साधारण 84,600 किलोमीटर. त्याच्या पुढे धावली तरच घरची गाडी स्वस्त."

"मग धावेल की!" नितीन म्हणाला.

"कशी? 282 खेपा लागतील, तुझ्याकडे आहेत 150." दिलीप चिडलाच. "आणि माल वाढला तरी गाडी पुरणार नाही. पहाटे निघून बंदराच्या गेटवर रांग, कागद, उतरवणं. गाडी दुसऱ्या दिवशी परत येते. अंतर दीडशेचंच आहे, वेळ रांगेत जातो."

दीडशे खेपांचे 45,000 किलोमीटर. घरची गाडी 26.75 लाखांना पडते, भाड्याची 21.6 लाखांना. भाड्याच्या गाडीचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी रांगेत थांबवून ठेवल्याचे पैसे, नितीननं आठवण करून दिल्यावर धरलं: शंभर दिवस, दिवसाला 1,500, म्हणजे दीड लाख. तरी घरची साडेतीन लाखांहून जास्त महागच.

मग लीज निघाली. महिना 80,000, त्यात विमा, टॅक्स, देखभाल आली. ड्रायव्हर आणि पार्किंग आपलंच, म्हणून स्थिर खर्च 13 लाख, पण चालता खर्च 32.5 वर उतरतो. संजयच्या हिशेबात 80,000 किलोमीटरनंतर लीज घरच्या गाडीपेक्षा स्वस्त. दिलीपनं लगेच कराराची अट विचारली: महिन्याला सहा हजार किलोमीटरची मर्यादा, वर किलोमीटरला चार रुपये. म्हणजे 72,000 नंतर लीजचा दर 36.5 होतो, घरच्या गाडीच्या 35 च्या वर. ती रेषा ओलांडलीच जात नाही. या अटीवर लीज कुठल्याच अंतराला घरच्या गाडीहून स्वस्त पडत नाही. भांडवल बँकेकडून मिळतच नसेल किंवा काम दोनच वर्षांचं असेल, तर ती वेगळी गोष्ट. मर्यादा वाढवून घेतल्याशिवाय मात्र सही करू नये, हे तिघांनाही मान्य.

नितीन हटेना. "बंगळुरूला न्यायचं ठरवलं तर? तिथे किलोमीटर होतात."

इथे वाद खरा रंगला, कारण लांब पल्ल्यावर ढोबळ हिशेब फसवतो. जाऊन-येऊन 1,700 किलोमीटर, पण भाडं एकेरी 45,000 च. भाड्याची गाडी परतीचा माल बाजारातून उचलते, म्हणून ती रिकामी येण्याचे पैसे मागत नाही. आपली गाडी रिकामी परतली तर नुसता चालता खर्च 59,500. प्रत्येक खेपेला साडेचौदा हजारांचा तोटा. जितकी धावेल तितकं नुकसान; ब्रेक-ईव्हन, म्हणजे घरची गाडी परवडायला लागते तो टप्पा, येतच नाही.

"पण तुझा कच्चा माल तिथूनच येतो ना?" दिलीपनं विचारलं. "त्याचं 40,000 भाडं तू वेगळं देतोस." दोन्ही बाजू भरलेली गाडी जास्त डिझेल पिते, चालता खर्च 37 धरला. भाडं मिळून 85,000, म्हणजे किलोमीटरला 50. फरक पुन्हा तेराच, ब्रेक-ईव्हनही तेच, पण खेपा लागतात फक्त 50. फेरीला पाच दिवस धरले तर वर्षाला 60 निघतात. सव्वादोन लाख वाचतात, परतीचा माल प्रत्येक वेळी तयार असेल तर. दहा खेपांना जरी गाडी रिकामी परतली, तर दर खेपेला 40,000 चं परतीचं भाडं वाचायचं राहतं आणि चार लाखांच्या त्या भोकात बचत जाऊन वर तोटा येतो.

नितीननं शेवटी ठरवलं: न्हावा शेव्याला भाडंच, आणि बंगळुरूच्या पुरवठादाराला आधी विचारायचं की दर पाचव्या-सहाव्या दिवशी सोळा टन भरून देशील का.