नव्वद सेकंदांत मी

नोकरी शोधायला लागलं की रिक्रूटरचा निरोप बहुधा दुपारी चारच्या सुमाराला येतो. ‘डिअर कँडिडेट, ग्रीटिंग्ज ऑफ द डे! काइंडली शेअर 90 सेकंद सेल्फ इंट्रो व्हिडिओ अलाँग विथ अपडेटेड सीव्ही, सीटीसी, ईसीटीसी अँड नोटिस पीरियड. अर्जंट.’ कंपनीचं नाव नाही, कामाचा पत्ता नाही, पगाराचा आकडा तर नाहीच; आपला आत्ताचा आणि हवा असलेला पगार, म्हणजे सीटीसी आणि ईसीटीसी, मात्र त्यांना हवा. अर्जंट मात्र आहे. स्थळं बघतानासुद्धा मुलाकडचे लोक निदान आडनाव सांगतात, मग फोटो मागतात. इथे एकदम चलतचित्रच.

आता रिक्रूटरची बाजूही सांगतो, नाहीतर तो म्हणेल मी त्याच्या पोटावर पाय देतोय. घरून काम सुरू झाल्यापासून मुलाखत एकाने द्यायची आणि रुजू दुसऱ्याने व्हायचं, हा धंदा बऱ्यापैकी चालतो. क्लायंट, म्हणजे जिला माणूस हवा ती कंपनी, या प्रकाराने पोळलेला असतो, म्हणून तो कन्सल्टन्सीला आधी चेहरा दाखवायला सांगतो. शिवाय ‘कम्युनिकेशन स्किल्स’ तपासायची असतात, आणि त्यासाठी साठ जणांशी दहा-दहा मिनिटं बोलण्यापेक्षा साठ व्हिडिओंची पहिली दहा सेकंदं बघणं सोपं. हिशेब त्याच्या बाजूने चोख आहे. त्याची दहा सेकंदं वाचवायला आपली अख्खी संध्याकाळ जाते, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझा नियम असा की कॅमेरा उघडायच्या आधी एक उत्तर पाठवायचं. नकार नाही आणि होकारही नाही. ‘नमस्कार मॅडम, सीव्ही सोबत जोडला आहे. क्लायंटचं नाव, कामाचं वर्णन आणि बजेट कळवाल का? व्हिडिओ कोण बघणार आहे आणि निवड झाली नाही तर तो काढून टाकता येईल ना? आज किंवा उद्या सातनंतर दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलायलाही मी तयार आहे.’ या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख आहे. चेहरा बघायचा असेल तर तो कॉलवरही दिसतो, आणि बोलणं तर जास्तच कळतं. खरा रिक्रूटर क्लायंटचं नाव नाही सांगितलं तरी काम कुठल्या क्षेत्रातलं, ऑफिस कुठे, बजेट किती एवढं तरी सांगतो. काही जण सरळ कॉलला तयार होतात, आणि मग पुढचा सगळा लेख वाचायची गरज उरत नाही.

काही जण मात्र प्रश्नांना बगल देऊन नवीनच मागण्या करतात. ‘व्हिडिओत आधार कार्ड किंवा पॅन कार्ड हातात धरा, जन्मतारीख म्हणा, मान डावीकडे-उजवीकडे वळवा.’ इथे थांबायचं. रिझर्व्ह बँकेने 2020 च्या जानेवारीत व्हिडिओ केवायसीला परवानगी दिली, तेव्हापासून कार्ड आणि चेहरा एकत्र दाखवून बँकेत खातं उघडता येतं. ती केवायसी बँकेच्या माणसासमोर, थेट चालू कॉलवर व्हायला हवी हे खरं. पण मान वळवलेला, कार्ड धरलेला तयार तुकडा कुणाच्या तरी हाती आयता कशाला द्यायचा? नोकरीच्या ओळखीत मान वळवायला लागत नाही. ती खाली घालायची वेळ पुढे पगाराच्या बोलणीत येतेच.

समजा सगळं ठीक निघालं, कॉलला नकार आला आणि व्हिडिओ द्यायचाच ठरलं. मग आधी कागद घ्यायचा. बोलण्याचा सावकाश वेग मिनिटाला साधारण 130 शब्द धरला, तर नव्वद सेकंदांत दोनशेच्या आत शब्द बसतात. श्वास, आवंढा आणि पहिल्या ओळीला दचकणं धरून 175. लोक लिहितात चारशे, आणि मग विविधभारतीवरच्या जाहिरातीतल्या अटी-शर्ती वाचल्यासारखे धावत सुटतात.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षं टेस्टिंग केलेली, पिंपरीत राहणारी, बाणेरच्या ऑफिसातल्या जागेसाठी अर्ज करणारी उमेदवार. ‘मायसेल्फ अमुक, आय बिलाँग टू मिडल क्लास फॅमिली’ इथून सुरुवात केली की वडील काय करतात, भाऊ काय शिकतो आणि छंद ‘लिसनिंग म्युझिक’ इथवर पोचता पोचता मिनिट संपतं, आणि टेस्टिंग पिंपरीतच राहतं. त्याऐवजी पहिली पंधरा सेकंदं: नाव, चार वर्षं मॅन्युअल आणि ऑटोमेशन टेस्टिंग, आणि कुठल्या जागेसाठी बोलतेय तिचं नाव. जागेचं नाव इथेच घ्यायचं, म्हणजे हा व्हिडिओ कशासाठी दिला होता ते व्हिडिओतच राहतं. पुढची पंचेचाळीस सेकंदं एकच काम: पेमेंटच्या वेब ॲपची दर रिलीजला रिग्रेशन, म्हणजे जुनं काही बिघडलं नाही ना याची तपासणी, करायला दोन माणसांना तीन दिवस लागायचे, सेलेनियम या टेस्टिंगच्या साधनात स्क्रिप्ट लिहून त्यातला नेहमीचा भाग रात्रीत चालायला लावला, आणि माणसं अवघड केसेस बघायला मोकळी झाली. ते ॲप ज्या कंपनीचं होतं तिचं नाव घ्यायचं नाही, कारण गोपनीयतेच्या करारावर सही झालेली असते आणि व्हिडिओ कुठवर फिरेल याचा भरवसा नाही. शेवटची वीस सेकंदं नोटिस पीरियड 60 दिवस, पुण्यातच राहणार, हायब्रिड चालेल. झाली ऐंशी. उरलेली दहा खिशात ठेवायची, ती लागतातच.

हे पाठ करायचं नाही. पाठ केलं की डोळे वर छताकडे जातात आणि चेहऱ्यावर स्नेहसंमेलनात भाषण करणाऱ्या पाचवीच्या मुलाचे भाव येतात. तीन भागांचे तीन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून कागद मोबाईलच्या अगदी वर चिकटवायचा. बाजूला चिकटवला तर नजर तिकडे वळते आणि बघणाऱ्याला वाटतं, खोलीत कुणीतरी उत्तरं सांगतंय. ज्या संशयासाठी हा व्हिडिओ मागवला, तोच आपण स्वखर्चाने बळकट करायचा.

आता जागा. मराठी घरात पाठीमागे कपाट, दोरीवरचे कपडे, देवघर आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर यांपैकी एक तरी येतंच. कोरी भिंत फक्त खिडकीच्या बाजूला सापडते, म्हणून लोक खिडकीकडे पाठ करून बसतात. मग मोबाईल मागच्या उजेडावर एक्स्पोजर ठरवतो आणि आपला चेहरा टीव्हीवर ओळख लपवून बोलणाऱ्या साक्षीदारासारखा काळा पडतो. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. सकाळी नऊ ते अकरा उत्तम. रात्री ट्यूबखाली केलं तर चेहऱ्यावरून आडवे पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो, आणि कॅमेरा 60 हर्ट्झच्या देशाच्या हिशेबाने सेट केलेला असू शकतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकरसाठी 50 आणि 60 असे पर्याय बहुधा असतात. 50 केलं की पट्टे जातात.

मोबाईल आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर. डायनिंग टेबलावर पोह्यांचा डबा, त्यावर साखरेचा डबा, आणि मोबाईल मागून तांब्याला टेकवलेला, ही उंची बसलेल्या माणसाला बरोबर येते. (डबे भरलेले हवेत. रिकामा डबा पाचव्या टेकला घसरतो.) याहून खाली ठेवला तर नाकपुड्यांची मुलाखत होते. पुढचा कॅमेरा वापरताना आपण स्वतःलाच बघत बसतो, आणि व्हिडिओत नजर जराशी बाजूला वळलेली दिसते. उपाय सोपा आहे: लेन्सच्या शेजारी एक लाल टिकली लावायची आणि तिच्याशी बोलायचं. ती मधे बोलत नाही, हा तिचा बहुतेक मुलाखतकारांपेक्षा मोठा गुण.

आवाज ही खरी परीक्षा. चित्र थोडं अंधुक असलं तरी माणूस बघतो, पण आवाज घुमला की पाचव्या सेकंदाला बंद करतो. रिकाम्या खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून गादी आणि कपडे असलेली खोली निवडायची, आणि जमलं तर कपाटाची दारं उघडी ठेवायची. पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून नव्वद सेकंदांत हसरा चेहरा ठेवणं ज्याला जमलं, त्याला प्रेशर हँडलिंगचा वेगळा प्रश्न विचारायची गरज नाही. इअरफोनचा माइक कॉलरला घासतो आणि मध्येच खरखर येते. मोबाईल दोन फुटांच्या आत असेल तर त्याचाच माइक बरा. मग घंटागाडी, वरच्या मजल्यावरचं ड्रिल आणि कुकर यांचा अंदाज घ्यायचा. यांतला कुकरच तेवढा ऐकतो: शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला आणि वाफ जिरत असली, की दहा मिनिटं घर शांत असतं. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर सत्तराव्या सेकंदाला कर्ज देणाऱ्या ताईंचा फोन येतो, आणि बऱ्याच फोनवर कॉल आला की रेकॉर्डिंग तिथेच तुटतं.

तीन टेक पुरतात. चौथ्यापासून माणूस बिघडत जातो. बाराव्या टेकला शब्द बिनचूक येतात आणि चेहरा उतरलेला असतो. पहिल्या तिघांतला जिवंत वाटेल तो घ्यायचा, मग त्यात एकदा ‘सॉरी’ असलं तरी चालेल.

पाठवताना फाइल द्यायची नाही, लिंक द्यायची. व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ लग्नातल्या आहेरासारखा: कुणाकडून कुणाकडे गेला, आपल्याला कळत नाही. यूट्यूबवर टाकून ‘अनलिस्टेड’ केला की लिंक असलेल्यालाच दिसतो आणि काम झालं की आपण काढून टाकू शकतो. कुणी स्क्रीन रेकॉर्ड केलं तर इलाज नाही, पण निदान आळशी माणसाच्या हाती राहत नाही. ‘प्रायव्हेट’ करू नका, रिक्रूटरला उघडणारच नाही. गूगल ड्राइव्हवर टाकला तर ‘एनीवन विथ द लिंक’ करायला विसरलात म्हणून रात्री अकराला परवानगी मागणारी मेल येते. अपलोड झाल्या झाल्या लिंक पाठवायचीही घाई नको. यूट्यूब आधी धुरकट आवृत्ती दाखवतं, स्पष्ट चित्र थोड्या वेळाने येतं. आणि चॅनलचं नाव बघून घ्या. कॉलेजात असताना ठेवलेलं ‘किलर बॉय’ छाप नाव आणि वाघाचा फोटो तुमच्या चार वर्षांच्या अनुभवाखाली ठळक दिसत असतो.

अनलिस्टेडचा आणखी एक फायदा आहे: किती वेळा बघितलं गेलं तो आकडा दिसतो. पाठवून चार दिवस झाले, अर्जंटचं पुढे काही कळलं नाही, म्हणून आपण उघडून बघतो. व्ह्यूज 3. त्यातले दोन आपले. तिसरा रिक्रूटरचा म्हणून जरा हायसं वाटतं, तेवढ्यात नाशिकहून आत्याचा फोन येतो की आईने लिंक पाठवली होती, छान बोललास, पण मागच्या भिंतीला जरा रंग द्यायला हवा.