मौनाचे तीस दिवस आणि स्टेटसवरचे हसरे फोटो

“पार्टनरने स्पेस मागितली? मग ३० दिवस पूर्ण मौन. ब्लॉक करा. स्टेटसला हसरे फोटो टाका, त्याला कळू दे तो काय गमावतोय. कोणासमोर रडू नका. २१ दिवसांत मेंदू सवय विसरतो. ३० व्या दिवशी तो धावत परत येतो. १००% खात्रीशीर. सर्व मैत्रिणींना पाठवा.”

माझ्या मावसबहिणीला हे तिच्या ऑफिसमधल्या कोणीतरी पाठवलं, आणि तिने ते अक्षरशः पाळायला घेतलं. चार वर्षांचं नातं, लग्नाचं बोलणं दोन्ही घरांत झालेलं, आणि एका रात्री तो म्हणाला, “मला थोडा वेळ एकट्याने राहायचंय.” ती मुळातच कोलमडलेली, त्यात हा उद्योग. म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक ओळ स्टेटसच्या फोटोंची आहे. वरवर ती निरुपद्रवी वाटते. नटून फोटो काढला, चार लोकांनी छान म्हटलं, बिघडलं काय? बिघडतं ते फोटो टाकल्यानंतर. त्याने पाहिला का, हे बघायला माणूस फोन उघडतो. नाव दिसलं तर दहा मिनिटं बरं वाटतं. मग, पाहिला तर काही बोलला का नाही? नाव नसेल तर अजून वाईट. कधी दिसतं, कधी दिसत नाही, आणि या बेभरवशामुळेच बोट पुन्हा पुन्हा तिथे जातं. बहिणीचं रात्री अकरा ते दीड हेच चाललं होतं. ब्लॉक करायचं आणि त्यालाच फोटो दाखवायचे, हे दोन्ही एकदम कसं जमणार, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुचलेलं नाही. तिने मार्ग काढला: फोन नंबर ब्लॉक, इन्स्टाग्राम उघडं, आणि त्याचं प्रोफाइल बघायला मैत्रिणीचं अकाउंट.

या टेहळणीवर नीट अभ्यास झालेला आहे. तारा मार्शल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१२ साली ४६४ जणांना विचारलं की नातं तुटल्यावर जुन्या जोडीदाराचं फेसबुक किती बघता. जे जास्त बघत होते त्यांना त्रास जास्त, ओढ जास्त, मनाने पुढे सरकणं कमी. आणि गंमत म्हणजे, जे अजून फ्रेंड-लिस्टमध्ये होते त्यांची ओढ आणि कटुता, यादीतून काढून टाकणाऱ्यांपेक्षा कमी होती (पुढे सरकणं मात्र त्यांचंही कमीच). म्हणजे यादीतून नाव उडवलं की माणूस मोकळा होतो, असं सरळ गणित नाही. डोकावणं थांबतंय का, ते बघायला हवं. हा अभ्यास नातं तुटलेल्यांचा आहे, ब्रेकवर असलेल्यांचा नाही. शिवाय जास्त दुखावलेली माणसंच जास्त डोकावत असतील, हेही शक्य आहे. पण ज्याला वाटतंय की अजून काही संपलेलं नाही, त्याला डोकावायचा मोह कमी असेल असं मला तरी वाटत नाही.

मग करायचं काय? ब्लॉक करण्याऐवजी म्यूट. त्याचं स्टेटस आणि स्टोरी दोन्ही म्यूट, चॅट अर्काइव्हमध्ये, आणि ‘लास्ट सीन’ स्वतःचंच बंद. व्हॉट्सॲपवर आपलं बंद केलं की दुसऱ्याचंही दिसत नाही, इथे हेच हवंय. फोन रात्री दहानंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला; गजरासाठी दीडशे-दोनशे रुपयांचं घड्याळ मिळतं. मैत्रिणीचं अकाउंट आपल्या फोनमधून काढायचं. पहिले काही दिवस हात शिवशिवतात, ते अपेक्षितच आहे.

आता मौन. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. समोरच्याने स्पेस मागितली असताना दिवसाला वीस मेसेज करणं, त्याच्या मित्रांकडून खबर काढणं, “फक्त एकदा बोल” म्हणत त्याच्या ऑफिसखाली उभं राहणं, याने दोघांचंही वाटोळं होतं. बोलणं थांबवल्याने तुमचंही डोकं थोडं शांत होतं. पण न सांगता गप्प होणं वेगळं आणि ठरवून गप्प राहणं वेगळं. न सांगता गप्प झालात तर त्याला वाटतं तुम्ही रागावलात, तुम्हाला वाटतं त्याला फरक पडत नाही, आणि दोघंही अंदाजावर जगता. मुदत नसलेला ब्रेक सगळ्यात जास्त पोखरतो, कारण धड रडताही येत नाही आणि धड वाटही बघता येत नाही.

म्हणून गप्प होण्याआधी एक मेसेज. बहिणीने शेवटी ब्लॉक काढून पाठवला तो साधारण असा होता: “तुला वेळ हवाय, ठीक आहे. मला याचा त्रास होतोय, हेही तुला माहीत असू दे. २० तारखेला, रविवारी, भेटून बोलू. तोपर्यंत मेसेज नको, फक्त फ्लॅटच्या भाड्याचं काही असेल तर. या काळात आपण दुसऱ्या कोणाला भेटणार आहोत का, ते आज सांग. घरी काय सांगायचं तेही ठरवू.” चारच गोष्टी: तारीख, संपर्क कशापुरता, तिसरं माणूस आहे का, आणि घरच्यांना काय सांगायचं. शेवटची आपल्याकडे सोडून चालत नाही, नाहीतर त्याची आई हिच्या आईला मुहूर्ताबद्दल फोन करते आणि ब्रेकचा बोजवारा उडतो.

तो तारीख द्यायला तयार नसेल तर? तर तुमची तारीख तुम्ही सांगायची: “मी महिनाअखेरपर्यंत थांबेन.” ही धमकी होते कधी? तारीख त्याला घाबरवायला टाकली असेल आणि ती उलटून गेल्यावरही तुम्ही तिथेच बसलेल्या असाल, तेव्हा. आणि तो मारहाण करणारा, पाळत ठेवणारा असेल, तर यातलं काहीच लागू नाही, तिथे ब्लॉकच.

२१ दिवसांवर फार वेळ घालवत नाही. एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना निदान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ कुठेतरी गळलं आणि आकडा उरला. पुढे लंडनमध्ये लोकांना साध्या रोजच्या सवयी लावून पाहिल्या, तर सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. तेही सवय लागायला, विसरायला नाही. चार वर्षांच्या नात्यातल्या माणसाला हा आकडा लावणाऱ्याला हात जोडावेत.

रडू नका, हे तर चीड आणणारं. रडा, पण माणूस निवडून. दोघांचा कॉमन मित्र नको, त्याच्याकडून शब्द पोचतात. “मी तुला आधीच सांगितलं होतं” म्हणणारी ताईही नको. बहिणीने आमच्या आत्याला निवडलं, जी ऐकते आणि वरणभात वाढते. एक मात्र पाहावं: “त्याने असं का केलं असेल” हेच रोज फिरून फिरून येत असेल, तर बोलून हलकं व्हायच्या ऐवजी भोवरा होतो. तेव्हा विषय आजच्या दिवसावर आणायचा: काय खाल्लं, झोप किती झाली, उद्या ऑफिसात काय आहे. जेवण-झोप दोन आठवडे विस्कटलेलीच राहिली तर डॉक्टरकडे जायचं. जगणं नको वाटू लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं.

राहिली शेवटची १००% खात्री. २० तारखेला तो आला, आणि अजून एक महिना मागितला. बहिणीने दोन आठवडे दिले, एकदाच, आणि भाड्याचा करार कोणाच्या नावावर ठेवायचा ते त्याच बैठकीत लिहून घेतलं.