जेनेरिकवरची ‘५० टक्के सूट’ नेमकी कशातून येते?

माझं औषधांचं दुकान तालुक्याच्या गावात आहे. काउंटरवर रोज एक प्रश्न येतोच, “काका, तिकडच्या दुकानात १५ टक्के सूट देतात, तुम्ही का नाही?” दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो, “जेनेरिकमध्ये तुम्हाला जास्त सुटतं म्हणे?” दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे, आणि तो गिऱ्हाइकाला कळलाच पाहिजे असं माझं मत आहे. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन घ्या. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, म्हणजे तिची कमाल किंमत सरकार ठरवतं. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात त्याची रीत दिलीय. बाजारात ज्या ब्रँडचा वाटा १ टक्का किंवा त्याहून जास्त आहे, त्यांचे दुकानदाराला पडणारे दर (आम्ही याला पीटीआर म्हणतो) घ्यायचे, त्यांची साधी सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचा नफा म्हणून १६ टक्के मिळवायचे. जीएसटी त्याच्यावर.

गोल आकड्यांत सांगतो. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपचा सरासरी दर २५ रुपये आला असं धरा. त्यावर १६ टक्के म्हणजे ४ रुपये, झाले २९. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर ५ टक्के जीएसटी आहे, तो धरून छापील किंमत ३०.४५. पूर्ण किमतीला विकली तर कर वजा जाता माझ्या हातात ४ रुपये राहतात. १६ टक्के खरेदीवर मोजलेले असतात, त्यामुळे विक्रीच्या मानाने ते १४ सुद्धा भरत नाहीत. आता १० टक्के सूट दिली की स्ट्रिप २७.४० ला जाते. त्यातला कर काढला की उरतात २६.१०, आणि माझी खरेदी २५. म्हणजे हातात १ रुपया १० पैसे. १५ टक्के सूट दिली तर पदरचे ३५ पैसे जातात.

यादीबाहेरच्या औषधांवर थोडी मोकळीक आहे. तिथे कंपनी स्वतः किंमत ठरवते, फक्त वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. दुकानदाराला साधारण २० टक्के देण्याचा रिवाज आहे. शिवाय अधूनमधून दहावर एक फुकट अशी स्कीम येते, ती पदरात पडली की थोडं आणखी सुटतं. तरी दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, इन्सुलिनसाठी चोवीस तास चालणारा फ्रीज आणि कंपनीने परत न घेतलेली एक्सपायरी, हे सगळं याच नफ्यातून भागवायचं असतं. त्यामुळे कोणी सरसकट सगळ्यावर १५ टक्के सूट देत असेल, तर ती तूट दुसऱ्या कुठल्यातरी मालातून भरून निघत असते. बहुतेक वेळा तो माल म्हणजे ट्रेड जेनेरिक.

तीच अ‍ॅम्लोडिपिन, तेवढ्याच मिलिग्रॅमची, पण डॉक्टरांकडे एमआर न पाठवता थेट होलसेलरमार्फत विकली जाणारी. प्रचाराचा खर्च नाही, त्यामुळे ती मला ६ रुपयांना स्ट्रिप पडते असं समजा. कर वेगळा. छापील किंमत मात्र २८! कंपनीने काही बेकायदा केलेलं नाही, कारण कमाल मर्यादा ३०.४५ आहे आणि २८ तिच्या आतच आहे. सरकारी सूत्रातले १६ टक्के फक्त मर्यादा काढताना वापरलेले असतात. मर्यादा एकदा जाहीर झाली की तिच्याखाली खरेदी कितीची आणि नफा किती, हे कोणी बघत नाही. सगळी मेख इथे आहे.

मी ती स्ट्रिप २८ ला विकली तर कर जाऊन माझ्याकडे २० रुपये ६७ पैसे राहतात, आणि पेशंटचे वाचतात जेमतेम अडीच रुपये. ‘५० टक्के सूट’ म्हणून १४ ला विकली तर पेशंटचे १६ रुपये वाचतात आणि मला ७.३३ मिळतात, म्हणजे ब्रँडेडपेक्षा जवळपास दुप्पट. दोन्ही विक्री कायदेशीर आहेत. कायदा एवढंच म्हणतो की छापील किमतीच्या वर घेऊ नका आणि स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या तर चार गोळ्यांचेच पैसे घ्या. खाली कितीला विकायचं ते दुकानदारावर सोडलेलं आहे.

माझ्या दुकानात अशा स्ट्रिप निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीला जातात. मला त्यात नीट पैसे सुटतात आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. पण पेशंटला होणारा फायदा माझ्या मर्जीवर अवलंबून असावा, हे मला अजिबात पटत नाही. शेजारच्या गावात तीच स्ट्रिप कोणी २८ ला विकत असेल, तर तिथल्या म्हातारीला जेनेरिक घेऊनही काही मिळालं नाही.

म्हणून सुटीचा टक्का विचारण्यापेक्षा एका गोळीला किती पडले ते विचारा. बिल घ्या, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर आहे का बघा, आणि तोच घटक, तेवढेच मिलिग्रॅम जनऔषधी केंद्रात कितीला आहे याच्याशी ताडून बघा. तिथे कमी किंमत पाकिटावरच छापलेली असते, घासाघीस करावी लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणारं औषध मी आपल्या मनाने बदलून देऊ शकत नाही, घटक तोच असला तरी. त्यासाठी डॉक्टरांनाच घटकाचं नाव लिहायची विनंती करा. ते सक्तीचं करणारी नियमावली ऑगस्ट २०२३ मध्ये आली होती, पण त्याच महिन्यात स्थगित झाली.

सरकारला मर्यादा घालता येत नाही असंही नाही. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांचा लगाम घातला गेला आणि बऱ्याच ब्रँडच्या छापील किमती उतरल्या. ट्रेड जेनेरिकवरही अशी मर्यादा हवी, असं मी दुकानदार असूनही म्हणतो. माझ्या धंद्यातल्या कित्येकांना हे आवडणार नाही. त्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. कॅन्सरचं औषध हजारांत असतं, त्याचे ३० टक्के पोटापुरते होतात. ६ रुपयांच्या स्ट्रिपवर ३० टक्के म्हणजे दोन रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यावर कोणी ती स्ट्रिप ठेवणारच नाही आणि गिऱ्हाइकापुढे पुन्हा ३० रुपयांचीच येईल. जनऔषधीत दुकानदाराला २० टक्के नफा ठेवलाय, तरी सरकारला वर खरेदीवर वेगळं प्रोत्साहन अनुदान द्यावं लागतं, ते याचमुळे. तेव्हा नुसता टक्का बांधून चालणार नाही. स्वस्त औषधांवर स्ट्रिपमागे काही ठरावीक रुपये द्या, चार द्या, पाच द्या, आणि छापील किंमत खरेदीला बांधा. सहाची स्ट्रिप दुकानात बारा रुपये छापूनच आली, तर मी ती आनंदाने विकीन.